गच्चीवरील टॉवरच्या एकरकमी भाड्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: मोबाइल टॉवरच्या पाच वर्षांच्या भाड्याचा एकरकमी प्रस्ताव

महोदय,

रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत आलेला हिशेब पाहिला. गच्चीच्या जागेचं वर्षाला ६ लाख रुपये भाडं, पाच वर्षं. त्याऐवजी १ एप्रिलला एकदम २३,९५,६२६ रुपये घ्या, असा कंपनीचा प्रस्ताव आहे. व्याजदर धरलाय ८ टक्के. बेरीज-गुणाकारात चूक नाही, मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं. चूक आहे ती तारखेची, आणि ती आपल्याला १,९१,६५० रुपयांना पडणार आहे.

करारनाम्यात भाडं ‘दर वर्षी १ एप्रिल रोजी आगाऊ’ द्यायचं ठरलंय. म्हणजे पहिले ६ लाख एकरकमी पैसे मिळतील त्याच दिवशी, नाहीतरी, आपल्याला मिळणारच आहेत. त्यांची आजची किंमत पूर्ण ६ लाख, त्यात कपात करायला जागाच नाही. कंपनीने मात्र पहिलं भाडं वर्षाच्या शेवटी येणार असं समजून त्याचे ५,५५,५५६ केले, दुसऱ्याचे ५,१४,४०३, आणि असं करत पाचव्याचे ४,०८,३५०. प्रत्येक हप्ता वर्षभर पुढे ढकलला गेला. हप्ता मुदतीच्या शेवटी येतो तेव्हाचा हा हिशेब. त्याला ऑर्डिनरी ॲन्युइटी म्हणतात. आपलं भाडं मुदतीच्या सुरुवातीला येतं, त्याला ॲन्युइटी ड्यू म्हणतात.

बरोबर हिशेब असा: आजचे ६,००,००० आणि पुढच्या चार भाड्यांची आजची किंमत १९,८७,२७६. एकूण २५,८७,२७६ रुपये. दोन्ही मांडण्यांत मधले चार आकडे तेच आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या यादीत शेवटी ४,०८,३५० आहेत आणि आपल्या यादीत त्या जागी, सुरुवातीला, रोख ६ लाख. या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी.

एक्सेल शीटमध्ये ही गफलत सहज होते. तिथे लिहिलंय:

```
=PV(8%,5,-600000)
```

लिहायला हवं:

```
=PV(8%,5,-600000,0,1)
```

शेवटचा 1 म्हणजे ‘हप्ता सुरुवातीला’. तो लिहिला नाही तर एक्सेल 0 धरतं, म्हणजे ‘शेवटी’, आणि कसलीही सूचना देत नाही. ताडून पाहायचं असेल तर चुकीच्या उत्तराला १.०८ ने गुणावं. बरोबर उत्तर येतं, कारण प्रत्येक हप्ता बरोबर एका वर्षाने अलीकडे येतो.

कंपनी कदाचित म्हणेल की इतर सोसायट्या हेच सूत्र मान्य करतात. त्यांचं भाडं महिन्याला येत असेल तर फारसं बिघडत नाही. आपलं भाडं महिन्याला ५० हजार असतं, तर एका महिन्याच्या सरकण्याने पाच वर्षांत जेमतेम साडेसोळा हजारांचा फरक पडला असता. वार्षिक भाड्याला मात्र हा हिशेब चालणार नाही. ८ टक्के दर योग्य आहे का, हा वेगळा वाद. तो सभेत घालू.

आता एक घरची गोष्ट. खजिनदारांनी याच पैशांतून इमारतीच्या विम्यासाठी रक्कम बाजूला काढायचं सुचवलंय. वर्षाला ९० हजार हप्ता, पाच वर्षं, ७ टक्के व्याज धरून ३,६९,०१८ रुपये. शीट तीच, सूत्र तेच, त्यामुळे चूकही तीच. विम्याचा हप्ता तर आधीच भरावा लागतो. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे सर्वसाधारणपणे हप्ता हाती आल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. पहिल्याच दिवशी ९० हजार गेले की उरतात २,७९,०१८. त्यावर व्याज मिळवत आणि हप्ते देत गेलो तर पाचव्या हप्त्याच्या दिवशी खात्यात ५६,१४१ रुपये असतील. ३३,८५९ कमी. चार वर्षं सगळं सुरळीत दिसेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोवर समितीही बदललेली असेल. ठेवायला हवेत ३,९४,८४९ रुपये. (खजिनदारांना दोष देत नाही, बँकेत असताना मीही एकदा हेच केलंय.)

म्हणून विनंती आहे की ठराव मांडण्याआधी कंपनीला लेखी कळवावं: करारातल्या भाड्याच्या तारखेप्रमाणे रक्कम २५,८७,२७६ करून द्या, नाहीतर वार्षिक भाडं आहे तसंच चालू ठेवू. त्या पत्राला करारातल्या भाड्याच्या कलमाची झेरॉक्स जोडावी. माझ्याकडे प्रत आहे, शनिवारी सकाळी ऑफिसात आणून देतो.

आपला,
एक सभासद, बी विंग
(निवृत्त बँक अधिकारी)