आईच्या पलंगाखालची मुलं : डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

आईला मुलं दिसायला लागली तेव्हा ती ७६ वर्षांची होती. पलंगाखाली तीन-चार मुलं बसलेली, गप्प. ती त्यांच्यासाठी वाटीत पोहे झाकून ठेवायची. घरात बाहेरच्या बाधेची चर्चा झाली. मग एके ठिकाणी तिला भास थांबवायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत आई लाकडासारखी ताठ झाली, घोटभर पाणीही गिळेना. त्या अवस्थेत तिला तुमच्याकडे आणलं.

तुम्ही म्हणालात, "आयुष्यात पहिल्यांदा ७६व्या वर्षी भास होतायत, तेही डोळ्यांना. आधी शरीरात कारण शोधू. घरातली सगळी औषधं घेऊन या." मी कापडी पिशवी तुमच्या टेबलावर रिकामी केली. त्यातली दोन पाकिटं तुम्ही बाजूला काढलीत. एक हाताच्या थरथरीसाठी तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं ट्रायहेक्सिफेनिडिल. म्हातारपणी या गोळीनेही भास होऊ शकतात, गोंधळ वाढू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी बीपीची, थायझाइडवाली, जिच्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. रक्तात सोडियम १२१ निघालं; असायला हवं १३५च्या वर.

मग आईला मराठी महिने उलटे म्हणायला सांगितलंत. फाल्गुन, माघ... आणि ती खिडकीकडे बघत राहिली. लक्षच टिकत नाही, म्हणजे यात डेलिरियम आहे, शरीरातल्या बिघाडाने मेंदूचा उडालेला गोंधळ, असं तुम्ही समजावलंत. थायझाइड बंद केलंत, ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू उतरवलंत. सोडियम मात्र सावकाश चढवलंत, चोवीस तासांत आठाच्या वर नाही, कारण घाईने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी घाई करत होतो, तुम्ही दर वेळी शांतपणे तेच सांगत राहिलात. आठवड्याभरात आई चैत्रापर्यंत न अडखळता पोचली.

बी-१२, थायरॉइड, लघवी ठीक होतं, एमआरआयतही गाठ किंवा रक्तस्राव नव्हता. तरी महिन्याभराने, दोन्ही गोळ्या सुटल्यावरही, संध्याकाळी मुलं येतच होती. तेव्हा तुम्ही बाबांना विचारलंत, "या झोपेत कशा असतात?" बाबा म्हणाले, दहा वर्षं झाली, ही स्वप्नात ओरडते, लाथा मारते, म्हणून मी वेगळा झोपतो. ही गोष्ट आजाराची असेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं. ती झोप, हाताची थरथर, दिवसागणिक खालीवर होणारं भान आणि त्या इंजेक्शननंतरचा ताठरपणा एकत्र ठेवून तुम्ही लेवी बॉडी डिमेन्शिया या मेंदूच्या आजाराचं नाव घेतलंत. खात्री नाही, दाट शक्यता आहे, हेही स्पष्ट सांगितलंत. त्यावरचं रिव्हास्टिग्मीन हे औषध कमी मात्रेत सुरू केलंत आणि केसपेपरवर लाल शाईने लिहिलंत : हॅलोपेरिडॉल देऊ नये. त्याची झेरॉक्स आता आईच्या पिशवीत कायम असते. बाबांनी एक फ्रिजवरही लावली आहे.

आजार जाणार नाही, हे आम्हाला कळलं आहे. पण काल संध्याकाळी आई पलंगाखाली वाकून बघून मला म्हणाली, "आलीत रे, पण खरी नाहीत ती," आणि पोह्यांची वाटी स्वतःच घेऊन बसली. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपला,
एका पेशंटचा मुलगा