विम्याचा हप्ता बारा महिन्यांत वाटून दाखवावा, याबाबत

दिनांक १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
आर्वी, जि. वर्धा

विषय : नोव्हेंबरच्या हिशोबातील विमा हप्त्याची नोंद दुरुस्त करणेबाबत.

अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरचा हिशोब फलकावर लागला आहे. जमा ३६,००० रुपये, खर्च ७१,३०० रुपये, तूट ३५,३०० रुपये. हा आकडा पाहून मासिक देखभाल शुल्क प्रत्येक घरामागे ३०० रुपयांनी वाढवण्याचा विषय जानेवारीच्या बैठकीत येणार असल्याचे समजले. वाढीला माझा मुळातच विरोध आहे असे नाही. पण ही तूट खरी नाही, आणि तिच्यावरून शुल्क ठरवणे चुकीचे होईल, म्हणून हे पत्र लिहितो आहे. जिनिंगच्या पेढीवर मी एकोणतीस वर्षे वह्या लिहिल्या. त्यामुळे ही नोंद डोळ्यांत खुपल्यावाचून राहिली नाही.

त्या ७१,३०० पैकी चौकीदार, पंपाची वीज, टँकर आणि झाडलोट यांचा नेहमीचा खर्च २७,५०० आहे. उरलेले ४३,८०० म्हणजे इमारतीच्या विम्याचा पूर्ण वर्षाचा हप्ता. त्यात ३७,११९ मूळ हप्ता आणि ६,६८१ जीएसटी आहे. आपली संस्था जीएसटीत नोंदलेली नसल्यामुळे तो कर परत मिळत नाही, तोही खर्चातच धरायचा. चेक १० नोव्हेंबरला दिला. पॉलिसी मात्र १६ नोव्हेंबर २०२५ पासून १५ नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. म्हणजे नोव्हेंबर संपला तेव्हा आपण घेतलेल्या संरक्षणातले फक्त पंधरा दिवस सरले होते. बाकी साडेअकरा महिन्यांचे संरक्षण अजून आपल्या हातात आहे, आणि त्याचे पैसे आपण आधीच देऊन बसलो आहोत.

आपल्याकडे पाडव्याला सालगड्याला उचल देतात. देताना रक्कम घरातून जाते हे खरे, पण त्या दिवशी कोणी म्हणत नाही की चैत्रातच वर्षभराची मजुरी संपली. उचल त्याच्या नावे मांडली जाते आणि काम होत जाईल तशी महिन्यामहिन्याने फिटते. मध्येच तो काम सोडून गेला, तर न फिटलेली उचल हे आपले येणे असते. विम्याचा हप्ता तसाच आहे. पॉलिसी मुदतीआधी बंद केली, तर उरलेल्या काळाचा हप्ता विमा कंपनी पॉलिसीच्या अटींप्रमाणे परत करते. पूर्ण रक्कम नोव्हेंबरमध्येच खर्ची पडलेली दिसली, तर ते येणे आपल्या वहीत कुठेच नसेल.

म्हणून चेक दिला त्या दिवशीची नोंद अशी हवी : आगाऊ विमा हप्ता खाते नावे ४३,८००, बँक खाते जमा ४३,८००. हे आगाऊ खाते ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. त्यानंतर दर महिन्याच्या शेवटी एक जर्नल नोंद : विमा खर्च खाते नावे, आगाऊ विमा हप्ता खाते जमा. ४३,८०० ला बाराने भागले की ३,६५० येतात. नोव्हेंबरमध्ये अर्धाच महिना असल्याने १,८२५, डिसेंबरपासून दरमहा ३,६५०, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये उरलेले १,८२५. मोजणी चेकच्या तारखेपासून नाही, पॉलिसी लागू झाल्याच्या तारखेपासून करायची. इथेच बहुतेकांची गफलत होते आणि पहिल्याच महिन्यात पूर्ण ३,६५० पडतात.

दिवसांनी मोजायचे असेल तर रोजचे १२० रुपये होतात. ३१ मार्चपर्यंत १३६ दिवस, म्हणजे खर्च १६,३२० आणि शिल्लक २७,४८०. महिन्यांनी मोजले तर खर्च १६,४२५ आणि शिल्लक २७,३७५. फरक १०५ रुपयांचा. माझ्या मते महिन्यांची पद्धत पुरे, पण एकदा धरलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवावी.

नोंदी बरोबर पडत आहेत की नाही, हे कोणत्याही सभासदाला तपासता येते. तपासाल त्या दिवशी पॉलिसीचे जितके महिने उरले, तितक्या महिन्यांचेच पैसे आगाऊ खात्यात शिल्लक दिसले पाहिजेत. १५ नोव्हेंबर २०२६ नंतर या पॉलिसीची शिल्लक शून्य व्हायला हवी. काही उरले तर एखाद्या महिन्याची नोंद राहिली. उलट जमा शिल्लक निघाली तर नोंद दोनदा पडली. पुढच्या वर्षीचा हप्ता याच खात्यात येईल, तेव्हा दोन्ही पॉलिसींचा तक्ता वेगवेगळा ठेवावा, नाहीतर ही चूक एकमेकांत झाकली जाते.

आता एक अडचण आहे, आणि ती लपवून चालणार नाही. गेल्या वर्षीचा ४२,००० चा हप्ताही असाच एकदम खर्ची टाकलेला आहे, आणि ते पत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर झाले आहे. त्या पॉलिसीचा दर महिना ३,५००. यंदा १ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या साडेसात महिन्यांचे २६,२५० खरे तर या वर्षाचा खर्च आहे, पण तो मागच्या पत्रकात अडकला आहे. आपण फक्त नवीन हप्ता वाटून घेतला, तर यंदाच्या वर्षात विमा खर्च १६,४२५ एवढाच दिसेल आणि वाढावा फुगेल. मंजूर झालेले पत्रक उकरू नये. १ एप्रिलच्या तारखेने २६,२५० आगाऊ खात्यात आणून समोर मागील वर्षाची दुरुस्ती अशी वेगळी ओळ दाखवावी, आणि १५ नोव्हेंबरपर्यंत ते खर्ची टाकावे. मग यंदाचा विमा खर्च ४२,६७५ येतो, आणि तो खरा आहे. लेखापरीक्षकांना ही ओळ आधीच सांगून ठेवावी.

असे केल्यावर नोव्हेंबरचा खर्च किती येतो ते पाहा. नेहमीचे २७,५००, जुन्या पॉलिसीचे अर्ध्या महिन्याचे १,७५०, नवीनचे १,८२५. एकूण ३१,०७५. जमा ३६,०००. तूट नाही, ४,९२५ चा वाढावा आहे.

वहीत वाटल्याने बँकेतून गेलेले पैसे मात्र परत येत नाहीत. खजिनदार भाऊंना नोव्हेंबरमध्ये ओढाताण झाली, ती खरीच होती. त्यावर उपाय शुल्कवाढीचा नसून दरमहा ३,६५० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकत जाण्याचा आहे. घरामागे ते साधारण १५२ रुपये होतात आणि आजच्या १,५०० रुपयांच्या मासिक शुल्कातून निघतात. पुढचा हप्ता वाढला तर पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्या फरकापुरताच प्रश्न उरेल.

माझी विनंती एवढीच की नोव्हेंबरचा हिशोब दुरुस्त करून पुन्हा लावावा, डिसेंबरपासून जर्नल नोंद सुरू करावी, आणि शुल्कवाढीचा विषय दुरुस्त आकडे हाती आल्यावरच घ्यावा. बारा महिन्यांचा तक्ता मी हाताने करून सोबत जोडला आहे. येत्या रविवारी सकाळी खजिनदार भाऊंना सवड असेल तर वह्या घेऊन बसायला मी तयार आहे.

आपला,
एक सभासद, सदनिका क्र. ९

सोबत : विमा हप्ता विभागणीचा तक्ता, एक पान