अनिकेतच्या "हम्म"बद्दल

सायली,

काल रात्री पाठवलेले स्क्रीनशॉट मी आधी चष्मा लावून आणि मग झूम करून सगळे वाचले. आईनेपण वाचले, तिचं मत एका शब्दात झालं, "घुमा आहे", आणि ती झोपायला गेली. माझं मत जरा लांब आहे आणि फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून लिहूनच काढतो.

तुझं म्हणणं असं की साखरपुड्याच्या वेळी हा मुलगा एवढं बोलायचा आणि आता नुसतं "हम्म", "ओके", एकदा तर नुसता अंगठा. म्हणजे एकतर रागावलाय नाहीतर इंटरेस्ट कमी झालाय. लाल गोल करून पाठवलंस ते सोमवारचं "हम्म" बघू आपण, कारण सगळा राग त्याच्यावरच आहे.

सोमवारी रात्री दहा चाळीसपासून तू ओळीने सात मेसेज टाकलेस. मॅनेजर रिव्ह्यूमध्ये म्हणाला की ओनरशिप दिसत नाही. मग रडू आलं. मग मावशी म्हणते शालू जांभळाच घे. मग परत मॅनेजर. मग तो हॉल, "मला हायवेजवळचा हॉल अजिबात आवडला नाही, पण तुझ्या घरच्यांना आवडलाय ना, मग काय, ठीक आहे". मग एक रील. मग "झोपते आता". अकरा वीसला त्याचं "हम्म" आणि लगेच खाली "ओके".

आता मला सांग, हे "हम्म" यातल्या कुठल्या मेसेजला आहे? तू ते हॉलला चिकटवलंस, कारण त्या सातात सगळ्यात जड मेसेज तोच होता आणि तो लिहिताना तुझ्याच मनात भांडण चालू होतं. त्याने मेसेज सरकवून त्याखाली उत्तर दिलं असतं तर कळलं असतं, पण बरेच लोक ते करतच नाहीत, मीही करत नाही. "ओके" तर सरळ सरळ "झोपते आता"ला आहे, त्याला आणखी काय लिहिणार कोणी. आणि सातही मेसेजमध्ये प्रश्न एकही नाही बघ. विचारलेलंच काही नाही तर माणूस ऐकलं एवढंच सांगणार ना.

तुझी आजी गोष्ट सांगताना हुंकार द्यायला लावायची आठवतंय? "हं" म्हणणारं कोणी नसलं की ती थांबायची, झोपलात का रे म्हणून विचारायची. त्या "हं"चा अर्थ पुढे सांग, जागा आहे एवढाच. फोनवर बोलतानाही आपण हेच करतो, तू आईशी अर्धा तास बोलतेस तेव्हा आई निम्मा वेळ "हं... हं" करत असते आणि ते तुला कधी टोचत नाही, कारण ते तुझ्या बोलण्याच्या खालून जातं, आवाजाचा चढउतार त्यात असतो. चॅटमध्ये तोच हुंकार एकटा येतो, टिंग वाजवून, स्वतःची वेळ आणि चौकट घेऊन, आणि आवाज गायब. मग तो उत्तरासारखा दिसायला लागतो, म्हणजे एवढ्या मोठ्या दुःखावर याचं उत्तर काय तर हम्म.

आवाज गेला की किती जातं त्याचा एक प्रयोग तुझ्या मावसभावाने मला दाखवलेला, तो सायकॉलॉजी शिकतो ना. अमेरिकेत क्रूगर आणि एप्ली वगैरे लोकांनी 2005 साली छापलेला. एकाच माणसाने काही वाक्यं खरीखुरी आणि काही टोमण्याने सांगायची, कधी बोलून तर कधी ईमेलवर, आणि समोरच्याने ओळखायचं कुठलं काय. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे वाटलं की शंभरातली साधारण 78 वाक्यं बरोबर ओळखली जातील. बोलून सांगितलं तेव्हा अंदाज जवळपास बरोबर आला, ईमेलवर मात्र 56 च्या आसपास, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. आणि ती पूर्ण वाक्यं होती. तू दोन अक्षरांवरून मूड काढतेयस.

आता त्याच्या बाजूने बघ, आणि हे मी सांगू शकतो कारण माझी सगळी नोकरी याच लोटे एमआयडीसीच्या पट्ट्यात केमिकल प्लांटवर गेली. तो या आठवड्यात सेकंड शिफ्टला आहे, तीन ते अकरा. ज्या भागात सॉल्व्हंट असतं तिथे साधा मोबाईल नेताच येत नाही, ठिणगीची भीती, म्हणून फोन गेटवर लॉकरमध्ये जातो. दहा चाळीस म्हणजे चार्ज देण्याची वेळ. लॉगबुक पूर्ण करायचं, कुठल्या रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच कुठवर आलीय, कुठला पंप गळतोय हे पुढच्या शिफ्टवाल्याला समजावून सांगायचं, आणि तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पूर्ण शिफ्टमध्ये डोकं सगळ्यात जास्त त्या अर्ध्या तासात चालतं. तू लिहीत होतीस तेव्हा फोन लॉकरमध्ये होता. तुला दोन राखाडी टिका दिसल्या त्या फोनपर्यंत पोचल्याच्या, माणसापर्यंत नाही. मग अकरा वीसला बहुतेक बसमध्ये बसून त्याने सातही मेसेज एकदम उघडले. निळ्या टिका त्याच्या. चॅट उघडलं एवढंच त्या सांगतात, नीट वाचून झालं, पटलं, विचार केला यातलं काही त्या सांगत नाहीत. उलट वरच्या नोटिफिकेशनमध्ये माणूस अख्खा मेसेज वाचून टाकतो आणि टिका राखाडीच राहतात.

आणि "ओके"चं म्हणशील तर प्लांटवर तो पूर्ण शब्द आहे ग. वॉकीटॉकीवर कंट्रोल रूम सांगते अमुक व्हॉल्व्ह उघड, फील्डवरचा तेच वाक्य परत म्हणतो, वरून "ओके" येतो, आणि मग व्हॉल्व्हला हात लागतो. तिथे "ओके" म्हणजे मी ऐकलं, जबाबदारी घेतली, आता पुढे चल. आठ आठ तास असं बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात ते बसतं. तुमच्या ऑफिसच्या चॅटवर मॅनेजरने नुसतं "ओके" टाकलं की सगळे घाबरतात, तुझा कान तिथे तयार झालाय, त्याला त्याचा काय इलाज.

आता जे तू लाल गोल केलं नाहीस ते. मंगळवारी दुपारी सव्वादोनला, ड्युटीला निघायच्या आधी, त्याचा मेसेज आहे, "मॅनेजरशी बोललीस का? लेखी फीडबॅक माग त्याच्याकडे". कोणी आठवण न करता. म्हणजे रात्रीचे सात मेसेज त्याने वाचले होते, त्यातलं महत्त्वाचं कुठलं हे ओळखलं होतं, रात्रभर ते डोक्यात ठेवलं आणि काय करायचं तेही सुचवलं. आणि त्यावर तुझं उत्तर काय, तर "हो". नुसतं "हो"! तेव्हा तू काय त्याच्यावर रागावली होतीस? मीटिंगमध्ये असशील, झालं.

म्हणून मी कोणाच्याही छोट्या रिप्लायकडे बघताना त्याची तुलना माझ्याशी करत नाही, त्याच माणसाच्या आधीच्या लिहिण्याशी करतो. चॅट जरा वर नेऊन बघ, साखरपुड्याच्या महिन्यातसुद्धा त्याचे लांब मेसेज सुट्टीच्या दिवशीचेच आहेत, ड्युटीच्या दिवशी तेव्हाही "ओके", "पोचलो", "हम्म"च होतं. तू तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नाहीस कारण रविवारचे मेसेज भरपूर होते. आणि तो बोलायचा म्हणतेस ते बोलायचा, फोनवर, टाईप करत नव्हता.

याचा अर्थ छोटा रिप्लाय कधीच रागाचा नसतो असं मी म्हणत नाहीये. असतो. तुझा काका रागावला की "बरं." लिहितो आणि घरातल्या सगळ्यांना कळतं. पण का कळतं, कारण एरवी तो पानभर लिहितो. फुलस्टॉपचंही तसंच, 2015 मध्ये न्यूयॉर्कमधल्या बिंगहॅम्टन युनिव्हर्सिटीत बघितलं होतं की एका शब्दाच्या मेसेजपुढे फुलस्टॉप असला की तो मुलांना कमी मनापासूनचा वाटतो, पण तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर तसं वाटत नाही. ती तिथली कॉलेजची मुलं आणि भाषा इंग्रजी, त्यामुळे माझ्या फुलस्टॉपला ते लावू नकोस, मी वाक्य संपलं म्हणून देतो.

मला काळजी कधी वाटली असती ते सांगतो. सुट्टीच्या दिवशीही तसंच तुटक राहिलं असतं, फोनवरही तुटक, सरळ विचारलेल्या प्रश्नाला बगल मिळाली असती, स्वतःहून काही विचारणं बंद झालं असतं, आणि हे दोन-तीन आठवडे चाललं असतं, तर मीच म्हणालो असतो की बोल त्याच्याशी. इथे यातलं एकही नाही. एका सोमवारचं एक "हम्म" आहे.

हां, हॉलबद्दल मात्र एक शंका मलाही आहे. "मग काय, ठीक आहे" हे वाचून कोणालाही कळतं की ठीक नाहीये, पण मग त्याने म्हणायचं काय? आईवडिलांची बाजू घ्यावी तर तू चिडणार, तुझी घ्यावी तर रात्री साडेअकराला बसमध्ये बसून घरच्यांच्या विरुद्ध लेखी द्यायचं. अशा ठिकाणी पुष्कळ पुरुष "हम्म" करतात, मीही करतो, त्याचा अर्थ यावर टाईप करून बोलता येणार नाही, विचार करतोय. तो राग नव्हे.

त्याला "रागावलास का" विचारू नकोस. उत्तर "नाही" येईल आणि ते नाहीसुद्धा तू तपासत बसशील. आणि मुद्दाम दोन दिवस गप्प बसून बघते काय करतो, हे तर अजिबात नको, तो बिचारा समजेल तुला काम आहे आणि डिस्टर्ब करणार नाही, आणि तू त्याचाही अर्थ काढशील. हॉलचंच सरळ विचार, एका मेसेजमध्ये एकच गोष्ट आणि शेवटी प्रश्नचिन्ह. "हायवेजवळच्या हॉलला पार्किंग नाही आणि वरातीला जागा नाही, आपण शनिवारी दुसरा बघू या का?" याला "हम्म" आलं तर मग फोन लाव आणि विचार, त्यात वाईट काही नाही. फोन सकाळी दहानंतर कर, सेकंड शिफ्टवाला घरी येऊन जेवून झोपेपर्यंत एक वाजतो. पण आजच-उद्यात विचार, कारण दुसरा हॉलवाला तारीख या आठवड्यापुरतीच धरून ठेवतो म्हणालाय, मग ॲडव्हान्स मागेल.

बाबा