गुरुवारची गोळी

प्रिय सुमे,

काल रात्री साडेआठला साताऱ्यात पोचलो. पोवई नाक्यावरून रिक्षा मिळाली. कुलूप उघडलं आणि सवयीनं "आलो गं" म्हणालो, मग आठवलं की तुझ्या आईला तुझ्याकडं सोडून आलोय.

निघताना तू चिडलीस, "आप्पा, त्या गोळीपेक्षा तुमचाच जास्त त्रास होतो तिला." असेल. म्हणून गोळीचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण परवा गुरुवार आहे.

तुझ्या आईच्या डोक्यात उपाशीपोटी म्हणजे उपास, आणि उपासाला चहा चालतो. हिथंच सगळं बिघडतं बघ. ही हाडांची गोळी, ॲलेन्ड्रोनेट, रिकाम्या पोटी घेतली तरी शंभरातला एक भागसुद्धा अंगात जात नाही, आणि वर चहा, दूध, कॅल्शियमची गोळी काही गेलं की तेवढीपण जात नाही. म्हणजे आठवडाभराची सत्तर मिलिग्रॅमची गोळी फुकट. उठल्या उठल्या, तोंडात दुसरं काही जायच्या आत, मोठा ग्लासभर साधं पाणी. तुमचं फिल्टरचं चालतं, बाटलीतलं मिनरल वॉटर नको. चघळायची नाही, चोखायची नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर, ती वेळ बदलू नको.

आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे मी दहा वेळा सांगतोय, माहितीय मला. पण दोन वर्षांपूर्वीचं तुला कुणी सांगितलंच नाही. न्हाणीत पडून मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि गोळी चालू झाली. तिसऱ्या आठवड्यात मीच पहाटे पाचला तिला अंथरुणात गोळी दिली, थंडी होती, उठवायला जीवावर आलं. दोन घोट पाणी पिऊन ती परत कुशीवर वळली. दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास गिळताना छातीच्या मधोमध धरून बसली. मला वाटलं ॲसिडिटी, ते गुलाबी पातळ औषध पाजत राहिलो चार दिवस. डॉक्टर म्हणाले गोळी अन्ननलिकेत अडकून तिथंच विरघळली, आतून भाजल्यासारखं झालंय. गोळी बंद केली, दीड महिना मऊ भात, मग बरं वाटल्यावर पुन्हा चालू केली, पण बजावून की परत असं झालं तर गोळी कायमची बंद आणि वर्षातून एकदा सलाईनमधनं औषध. चूक माझी होती. ती अजून कुणाला सांगत नाही.

म्हणून गिळताना दुखलं, घास अडकल्यासारखा वाटला, नवीन जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी देऊ नको, आधी डॉक्टरला विचार. अर्ध्या तासात तिला गॅलरीत फिरव नाहीतर खुर्चीत बसव, पिंकीला उचलायला वाकू देऊ नको. अर्धा तास झाला तरी काहीतरी खाल्ल्याशिवाय आडवी व्हायची नाही.

लेक्चर झालं. सोड.

आता दाढेचं. तू म्हणालीस पुढच्या आठवड्यात हलणारी दाढ काढून टाकू. काढ, पण डेंटिस्टला पहिल्या वाक्यात सांग की ही गोळी दोन वर्षं चालू आहे. या गोळीवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. हाडांच्या एवढ्याशा डोसला हे फार कमी लोकांना होतं, कॅन्सरवाल्यांना मोठाली इंजेक्शनं देतात त्यांच्यात जास्त. मग घाबरायचं कशाला, तर लपवायला नको म्हणून. आणि भिऊन सडकी दाढ तशीच ठेवायची नाही, तो पू जबड्याला जास्त वाईट. स्वतःच्या मनानं गोळीही थांबवू नको, ती हाडात वर्षानुवर्षं राहते, दोन आठवडे चुकवून काही मिळत नाही. काढल्यावर खड्डा भरला नाही, जिभेला खरखरीत हाड लागलं, ओठ बधिर झाला, तर लगेच परत दाखव.

तुला आठवतंय का, तू चौथीत असताना पाय मुरगळून बसलीस आणि तिनं तुला पाठीवर घेऊन अजिंक्यताऱ्याची अख्खी उतरण पार केली? मी मागनं दोन चपला आणि डबा घेऊन. त्याच बाईला आता मी पायरीवर हात धर म्हणतो आणि ती हात झटकते. तुझ्यासारखीच.

तू तिला नेलंस ते बरं केलंस, हे तोंडावर बोललो नाही.

गुरुवार विसरलीच तर शुक्रवारी सकाळी एक द्यायची, दोन एकदम नाही, आणि पुढची परत गुरुवारीच. तिच्या पिशवीत कंदी पेढे आहेत, खालच्या कप्प्यात, ती गोळीआधी एक तोंडात टाकेल. डबा तुझ्या खोलीत ठेव.

आप्पा

गुरुवारी सहाला फोन करीन. तिनं उचलला तर पिंकीबद्दल विचारीन, तू उचल.