किंग ऑफ पेंटॅकल्स नीट उलगडून दाखवणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, हे सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण टॅरोमध्ये हे कार्ड निघालं की लोक "सेटल्ड मुलगा आहे, हो म्हणून टाक" एवढंच सांगतात आणि पुढचं कार्ड उचलतात.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: एक स्थळ आलेलं, मुलगा सगळ्या बाजूंनी चांगला, पण बोलताना माझ्या पोटात काही फुलपाखरं वगैरे उडत नव्हती. ताईंनी तीनच कार्डं काढली. माझ्या जागी क्वीन ऑफ वाँड्स, त्याच्या जागी किंग ऑफ पेंटॅकल्स, आणि आमच्या दोघांत फोर ऑफ पेंटॅकल्स. मी लगेच म्हटलं, बघा, म्हणजे सेफ पण बोअरिंग!

तुम्ही अर्थ सांगायच्या आधी मला चित्रच बघायला लावलंत. रायडर-वेट डेकमधला हा राजा, अंगावरचा झगा द्राक्षांच्या घोसांनी नुसता भरलेला, सिंहासनावर बैलांची डोकी, आणि झग्याखालून चिलखत घातलेला पाय बाहेर आलाय. तुम्ही म्हणालात की द्राक्षं म्हणजे रस, चव, स्पर्श, ह्या माणसात ओढ नाही असं नाही, पृथ्वी तत्त्वाची आहे म्हणून ती उशिरा दिसते आणि बोलण्यापेक्षा करण्यात दिसते. पण त्याची नजर मांडीवरच्या नाण्यावर आहे, समोरच्या माणसावर नाही, तेही तितकंच खरं. अग्नी तत्त्वाच्या वाँड्सवालीला, म्हणजे मला, तेच खुपणार.

खरी गोम तिसऱ्या कार्डात होती. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस एक नाणं छातीशी कवटाळून आणि दोन पायांखाली दाबून बसलाय, त्याला हलताच येत नाही. राजाचं स्थैर्य मोकळं असतं, हे आवळलेलं. त्यामुळे प्रश्न सिक्युरिटी की पॅशन असा नाहीच, ती सिक्युरिटी कोणाच्या मुठीत राहणार हा आहे, आणि हा प्रश्न मला एकटीला कधीच सुचला नसता. मी "अजून एक कार्ड काढा ना" म्हणून मागे लागले, तर तुम्ही सरळ नाही म्हणालात, मनासारखं येईपर्यंत काढत बसलं तर ते रीडिंग राहत नाही. आणि हेही बजावलंत की त्याच्या जागी आलेलं कार्ड म्हणजे तो सध्या मला जसा दिसतोय तसा, पूर्ण माणूस नव्हे, त्याचा स्वभाव आणि बँक बॅलन्स कार्डाला विचारायचा नाही, त्यालाच विचारायचा.

मग विचारलं. लग्नानंतर माझा पगार माझ्याच अकाउंटला राहील का, आणि मी वर्षभर नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू केलं तर? पहिल्याला पटकन "अर्थातच" म्हणाला, दुसऱ्याला बराच वेळ गप्प, मग म्हणाला "आधी खर्चाचा हिशोब मांडू, दोघं मिळून." ताई, मला हे उत्तर आवडलं हो! होकार अजून दिलेला नाही, रविवारी परत भेटतोय, आणि यावेळी विषय पैशाचा नाही.