ऑक्सिमीटरचा आकडा बसून नव्हे, चालून पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘ऑक्सिमीटरवर ९५ च्या वर आकडा दिसला की फुप्फुसं ठणठणीत’ असं वाचलं. मी फुप्फुसांच्या चाचण्या करणारा तंत्रज्ञ आहे. हे वाक्य वाचून निर्धास्त होणारी माणसं पुढे उशिरा चाचणीला येतात, म्हणून हे पत्र.

वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये एक पडदा असतो. जिथे तो सर्वांत पातळ असतो तिथे त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. ऑक्सिजन या पडद्यातून आपसूक झिरपतो, त्याला कोणी ढकलत नाही. हवेच्या बाजूला त्याचा दाब साधारण १०० मिमी पारा असतो आणि शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४०, एवढ्या फरकावर सगळं चालतं. पडदा जाड झाला की दर क्षणाला झिरपणारा ऑक्सिजन त्या प्रमाणात घटतो. फुप्फुसाच्या ऊतींमध्ये व्रणासारखे तंतू साचणं, म्हणजे फायब्रोसिस, हे जाडीचं चिवट कारण. हृदय थकून फुप्फुसात पाणी उतरलं तरी पडदा फुगतो, मात्र ते पाणी औषधांनी ओसरू शकतं.

मग पडदा जाड होऊ लागला की लगेच आकडा का पडत नाही? कारण शरीराकडे वेळ शिल्लक असतो. आपण स्वस्थ बसलेलो असताना तांबडी पेशी वायुकोशालगतच्या केशवाहिनीतून जायला सुमारे पाऊण सेकंद घेते. निरोगी पडद्यातून ऑक्सिजन पुरेपूर भरून घ्यायला तिला जेमतेम पाव सेकंद लागतो. उरलेला अर्धा सेकंद ती भरलेल्या अवस्थेतच पुढे सरकत असते. आता समजा, पडदा इतका जाड झाला की भरायला पाव सेकंदाऐवजी अर्धा सेकंद लागू लागला. म्हणजे क्षमता निम्म्यावर आली. तरीही पाऊण सेकंद संपायच्या आत पेशी भरून बाहेर पडतेच. बोटावरच्या यंत्राला यातलं काही कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही, कारण रक्त खरोखरच भरलेलं असतं.

तोच माणूस जिना चढायला लागला की हिशोब बदलतो. हृदय रक्त वेगाने पुढे ढकलतं आणि पेशीला केशवाहिनीत मिळणारा वेळ घटतो. जोरदार श्रमात तो पाव सेकंदाच्या आसपास येतो. ज्याला पाव सेकंदच लागतो त्याचं भागतं. ज्याला अर्धा लागतो त्याचं रक्त अर्धवट भरून पुढे जातं. शिवाय श्रमात स्नायू जास्त ऑक्सिजन काढून घेतात, त्यामुळे फुप्फुसात येणारं रक्त आधीच जास्त रिकामं असतं आणि त्याला जास्त भरायचं असतं.

झाकपाक करणारी आणखी एक गोष्ट हिमोग्लोबिनची. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला तरी सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटर दाखवतो तो टक्क्यांतला आकडा, साधारण ९७ वरून ९० वर येतं. तिथून पुढे दाब आणखी २० ने उतरून ४० झाला की ते ९० वरून थेट ७५ च्या आसपास पोचतं. वरचा उतार सपाट, खालचा कडा. बोटावरच्या यंत्राची चूकच दोन टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे ९७ चे ९५ झाले तर ते दुखणं की यंत्राची लहर, हे सांगता येत नाही. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहज जातो, त्यामुळे तोही साचून इशारा देत नाही. धाप लागून श्वास वाढल्यामुळे उलट बरेचदा तो कमीच भरतो.

एक प्रातिनिधिक उदाहरण देतो. पन्नाशी उलटलेल्या बाई. कोरडा खोकला आणि जिन्यावर धाप. ‘वय झालं, वजन वाढलंय’ असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. बसल्या जागी ऑक्सिमीटरवर ९६. फुंकण्याच्या चाचणीत फुप्फुसांची धारणक्षमता अपेक्षेच्या ८१ टक्के, म्हणजे कागदावर काठावर का होईना, ठीक. मग सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतली. दुसऱ्या मिनिटाला ९३, चौथ्याला ८९, सहाव्याला ८५. खुर्चीत बसल्यावर काही मिनिटांत आकडा पुन्हा ९५. चालताना कोणी पाहिलं नसतं तर या बाई ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेल्या असत्या. डॉक्टरांनी पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला तेव्हा श्वास घेताना चिकटपट्टी उकलल्यासारखा बारीक करकर आवाज आला. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या तळाशी जाळीसारख्या रेघा होत्या.

पडद्यातून वायू किती सहज जातो हे मोजणारी त्यांची डीएलसीओ चाचणी अपेक्षेच्या ४६ टक्के आली. ही चाचणी मला फार हुशार वाटते. रुग्णाला अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एका खोल श्वासात घ्यायला लावतात, दहा सेकंद धरून ठेवायला सांगतात आणि बाहेर आलेल्या हवेत तो किती कमी झाला हे मोजतात. या वायूला हिमोग्लोबिन इतकं घट्ट धरतं की रक्तातला त्याचा दाब शून्यापासून हलतच नाही. म्हणजे पेशी कधी ‘भरत’ नाही आणि शिल्लक वेळेचा आडोसा उरत नाही. आत किती वायू गेला हे पडद्यावर आणि त्याला लागून असलेल्या रक्तावर ठरतं. ऑक्सिजन जे लपवतो ते हा वायू उघड करतो.

अर्थात डीएलसीओचा आकडा पडला म्हणजे पडदा जाडच झाला, असं मात्र नाही. एम्फिसीमात, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याच्या आजारात, पडद्याचं क्षेत्रफळच घटतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या आजारात रक्त कमी पोचतं, आणि रक्तक्षय असेल तर वायू धरायला हिमोग्लोबिनच पुरेसं नसतं. म्हणून सोबत हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हवा. आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून नीट पोचत नाही: फायब्रोसिसच्या रुग्णाचं सॅच्युरेशन बसल्या जागीही घसरू लागतं, तेव्हा त्यामागे मुख्यतः हवा एकीकडे आणि रक्त दुसरीकडे जाण्याचा गोंधळ असतो. पडद्याच्या जाडीचा वाटा ठळक होतो तो श्रमात.

तेव्हा महिनोन्‌महिने कोरडा खोकला आणि चढावर धाप असेल तर डॉक्टरांना बसून घेतलेल्या आकड्यासोबत चालतानाचा आकडाही मागावा. चालण्यात चार किंवा त्याहून जास्त टक्क्यांची घसरण झाली तर पुढची तपासणी करावी. घरी एकट्याने जिने चढून हा प्रयोग करू नये, विशेषतः छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर. चालताना हात हलल्यावर, बोटं गार असताना किंवा नखांवर रंग असताना यंत्र खोटा आकडा दाखवतं. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळतो का, हे आम्ही आधी पाहतो. जुळत नसेल तर सॅच्युरेशनही धरत नाही.

आपला,
फुप्फुस-चाचणी कक्षातला एक तंत्रज्ञ