वजन उतरलं तरी एलडीएल तिथंच का?

संपादक साहेब, नमस्कार,

मी लॅबमध्ये काम करते, रोज लिपिड प्रोफाइलचे रिपोर्ट हातात असतात, आणि एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, वजन एवढं कमी केलं, मग कोलेस्टेरॉल का हललं नाही?" म्हटलं यावर एकदा सविस्तर लिहावं.

ओळखीच्या एका गृहस्थांचंच बघा. पहिला रिपोर्ट होता टोटल कोलेस्टेरॉल २५२, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३८, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २७० आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल १६०. बहुतेक रिपोर्टमध्ये हा एलडीएल मोजलेला नसतो बरं का, हिशोबाने काढलेला असतो. टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, म्हणजे २५२ वजा ३८ वजा ५४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब चालतच नाही, तेव्हा डायरेक्ट एलडीएल करून घ्यावं लागतं.

तर या गृहस्थांनी गोड पेयं बंद केली, जेवण कमी केलं, रोज चालायला लागले, सहा किलो उतरले आणि खुशीत परत टेस्टला आले. ट्रायग्लिसराइड २७० वरून १५०, एकदम मस्त! पण टोटल २३२, एचडीएल ४० आणि एलडीएल १६२, म्हणजे आहे तिथंच, आणि साहेबांचा चेहरा पडला.

खरं तर यात नवल काहीच नाही. ट्रायग्लिसराइड वाढतं ते जास्तीची साखर, दारू आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी यांच्यामुळे, त्यामुळे वजन उतरलं, चालणं वाढलं की ते पटकन खाली येतं. एलडीएलचं गणित वेगळं आहे. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायला लिव्हरवर रिसेप्टर असतात आणि सॅच्युरेटेड फॅट जास्त खाल्लं की ते रिसेप्टर कमी होतात, मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं, माणूस बारीक असो की जाड. विचारलं तर कळलं की कार्ब कमी करायच्या नादात सकाळी अंडी भरपूर लोण्यात, कॉफीत क्रीम आणि स्वयंपाक खोबरेल तेलात कारण म्हणे ते हेल्दी असतं. (खोबरेल तेलात सॅच्युरेटेड फॅट लोण्यापेक्षाही जास्त असतं, पण जाहिरातीत हे कोण सांगणार!)

साधारण १८०० कॅलरी खाणाऱ्याला, एलडीएल वाढलेलं असेल तर, सॅच्युरेटेड फॅट दिवसाला १४ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. एक मोठा चमचा लोणी म्हणजे ७ ग्रॅम, खोबरेल तेल म्हणजे जवळजवळ १२, म्हणजे ह्यांचा कोटा नाश्त्यालाच संपत होता. डाएटिशियनने कॅलरी तेवढ्याच ठेवल्या, फक्त लोणी-क्रीमच्या जागी सूर्यफुलासारखं तेल आणि मूठभर बदाम-अक्रोड दिले आणि विरघळणारं फायबर वाढवलं, म्हणजे ओट्स, कडधान्यं, सफरचंद आणि इसबगोल भरपूर पाण्याबरोबर. हे फायबर आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवं पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातूनच ओढलं जातं. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं, हळूहळू वाढवा.

दोन-अडीच महिन्यांनी टोटल २०४, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १४५ आणि एलडीएल १३४. सगळ्यांचं इतकं उतरेल असं नाही, आधी लोणी-क्रीम फारसं खातच नसाल तर फरक कमी पडतो.

व्यायामाचं म्हणाल तर आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजनं उचलणं, याने ट्रायग्लिसराइड उतरतं, कंबर कमी होते, स्नायू टिकतात, पण फक्त चालून एलडीएल फारसं उतरत नाही. एचडीएल सुद्धा दोन-चार अंकच वाढतं, त्याच्या मागे लागू नका.

आणि टेस्ट कधी करायची तेही बघा, वजन भराभर उतरत असताना आकडे वर-खाली होतात, म्हणून वजन काही आठवडे स्थिर झाल्यावर करा, ट्रायग्लिसराइड बघायचं असेल तर ९ ते १२ तास उपाशी पोटी, आणि आदल्या रात्री पार्टी करून तर येऊच नका. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, ते वेगळंच दुखणं.

एलडीएल १९० किंवा वर असेल, किंवा घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेले असतील तर ते आनुवंशिक असू शकतं, नुसत्या डाएटवर महिनोन् महिने काढू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड कमी काम करत असेल तरी एलडीएल वाढतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट एकदा करून घ्या. आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी चालू असेल आणि रिपोर्ट छान आला तर तो गोळीसकट छान आलाय, आपल्या मनाने गोळी बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल परत वर जातं.

आपली एक वाचक,
लॅब टेक्निशियन